‘इट’ची जागा

पंप बनवणाऱ्या एका कारखान्याच्या तांत्रिक लेखन विभागात मी काम करते. पंपाबरोबर देखभालीची जी इंग्रजी पुस्तिका जाते, तिचा पहिला मसुदा सर्व्हिस विभागातली माणसं लिहितात. ते तसंच असायला हवं. सील कुठून गळायला लागतं, कुठला बोल्ट आधी सैल करायचा आणि कुठला शेवटी, हे त्यांच्या हातांना ठाऊक असतं, मला नसतं. माझ्याकडे मसुदा येतो तो भाषा नीट करायला. त्यात ‘द’ राहिलेला असतो, ‘अ’ जास्तीचा असतो, काळ बदललेला असतो. हे सगळं दुरुस्त करते, पण त्यानं कुणाचं काही अडणार नव्हतं हेही मला माहीत असतं. ‘ओपन कव्हर’ लिहिलं काय नि ‘ओपन द कव्हर’ लिहिलं काय, वाचणारा कव्हरच उघडणार.

एका चुकीचं मात्र तसं नाही. ‘टेक आउट इट’, ‘स्विच ऑफ इट’, ‘पिक अप इट’. छोटा ‘इट’ चुकीच्या जागी बसला की वाक्य नुसतं ओबडधोबड दिसत नाही, त्याची बांधणीच बदलते. इंग्रजी ज्याच्या अंगवळणी पडलेली आहे असा वाचक ते वाक्य क्षणभर वेगळ्याच अर्थानं वाचतो आणि मग थबकतो. देखभालीच्या पुस्तिकेत वाचणारा थबकता कामा नये. त्याचा एक हात पान्यावर असतो.

सर्व्हिसमधल्या एका ज्येष्ठ तंत्रज्ञांनी सील बदलण्याच्या कामाचा मसुदा पाठवला होता. पुढे शिकवताना मी तोच वारंवार वापरला, म्हणून इथे देते.

“स्विच ऑफ द पंप. वेट अंटिल इट कूल्स डाउन. लूजन द बोल्ट्स ऑफ द कव्हर अँड टेक ऑफ इट. लुक अ‍ॅट द सील. इफ इट इज वोर्न, टेक आउट इट अँड पुट इन अ न्यू वन. क्लीन द हाउसिंग. गो ओव्हर इट विथ अ ड्राय क्लॉथ. पुट बॅक द कव्हर. स्टार्ट अप द पंप. इफ देअर इज अ लीक, शट डाउन इट.”

काम म्हणून हा मसुदा चोख आहे. पंप गार होईपर्यंत थांबा हे सांगायला बरेच जण विसरतात, ते यात आहे. यातल्या तीन जागी मी लाल खूण केली: ‘टेक ऑफ इट’, ‘टेक आउट इट’ आणि ‘शट डाउन इट’. तिन्ही ठिकाणी ‘इट’ मध्ये हवा: ‘टेक इट ऑफ’, ‘टेक इट आउट’, ‘शट इट डाउन’. दुसऱ्या दिवशी ते स्वतः कागद घेऊन आले आणि म्हणाले, “मॅडम, तुम्ही ‘गो ओव्हर इट’ला हात लावला नाहीत. तिथेही ‘इट’ शेवटीच आहे की. आणि ‘स्विच ऑफ द पंप’ चालतं, तर ‘शट डाउन इट’ का चालू नये? नियम एकच असायला पाहिजे ना?”

त्यांचे दोन्ही प्रश्न अचूक जागी बोट ठेवणारे होते. नियम एकच आहे, पण तो दिसतो तिथे नाही.

आधी सोपा भाग. ‘टेक आउट’सारख्या जोडीत क्रियापदाबरोबर एक छोटा शब्द येतो आणि दोघांना मिळून एक कर्म असतं. कर्म नाम असेल तर ते दोन्ही जागी चालतं. ‘टेक आउट द सील’ म्हणा किंवा ‘टेक द सील आउट’ म्हणा, इंग्रजीला दोन्ही मान्य आहे. कर्म ‘इट’, ‘देम’, ‘हिम’, ‘हर’, ‘मी’, ‘अस’ यांपैकी असलं की ही मोकळीक संपते. ते मध्येच यायला लागतं. क्वर्क, ग्रीनबाउम, लीच आणि स्वार्त्विक या चौघांचं 1985 साली निघालेलं इंग्रजीचं जाडजूड व्याकरण असो की शाळेतलं मार्गदर्शक, हा नियम सगळीकडे असाच दिलेला सापडतो. बहुतेकांनी तो कधीतरी वाचलेलाही असतो. तरी ‘टेक आउट इट’ लिहिलं जातं, कारण नियमाच्या मागचं कारण कुणी सांगितलेलं नसतं आणि चुकीच्या मागचं कारण तर त्याहून नाही.

चुकीचं कारण मला आमच्याच शॉप फ्लोअरवर सापडलं. तिथे दिवसभर कानावर काय पडतं? ‘मोटर स्विच ऑफ कर’, ‘लाइन शटडाउन केली’, ‘तो पार्ट पिकअप कर’, ‘मशीन सेटअप झालं का’, ‘बॅकअप घेतलास ना’. आपण ही जोडी इंग्रजीतून उचलली ती अखंड, एका शब्दासारखी. तिच्यामागे ‘कर’ लावला आणि आपलं क्रियापद तयार केलं. मराठीत कर्म तसंही आधी येतं: ‘ती स्विच ऑफ कर’. त्यामुळे ‘स्विच’ आणि ‘ऑफ’ यांच्यात काही शिरू शकतं हा अनुभवच आपल्याला येत नाही. मग इंग्रजी लिहायची वेळ आली की माणूस विचार करतो, इंग्रजीत कर्म क्रियापदानंतर येतं, क्रियापद आहे ‘स्विच ऑफ’, म्हणून ‘स्विच ऑफ इट’. हा विचार पूर्ण तर्कशुद्ध आहे. ‘रिमूव्ह इट’, ‘क्लीन इट’, ‘टायटन इट’ ही वाक्यं अशाच विचारातून बरोबर येतात. फक्त ‘स्विच ऑफ’ हा एक शब्द आहे हे गृहीतक इंग्रजीला मान्य नाही. इंग्रजीच्या दृष्टीनं ते दोन शब्द आहेत आणि त्यांच्यात एक रिकामी जागा आहे.

शब्दांच्या याद्या पाठ करून शिकलेल्या मुलांचंही असंच होतं. ‘पिक अप म्हणजे उचलणे’ अशी ओळ वहीत लिहिली की ‘पिक अप’ डोक्यात एकसंध बसतो. वहीत ‘पिक इट अप म्हणजे ते उचल’ असं लिहिलं असतं तर निम्मं काम झालं असतं. माझ्या हाताखाली नवीन माणूस आला की मी त्याला याद्या अशाच, मध्ये ‘इट’ घालून करायला लावते.

आता ‘इट’ मध्येच का, हे. त्यासाठी वाक्य मोठ्यानं म्हणून बघायला हवं. सरावाचा बोलणारा ‘टेक इट आउट’ म्हणतो तेव्हा ‘टेक’वर जोर असतो, ‘आउट’वर त्याहून जास्त असतो, आणि ‘इट’ जवळजवळ गिळला जातो. कानाला ऐकू येतं ते ‘टेकिटाउट’. ‘इट’ला स्वतःचा जोर नसतो, कारण त्यात नवीन काही नसतं. सीलबद्दल बोलणं चाललंय हे आधीच्या वाक्यात येऊन गेलेलं असतं. याउलट इंग्रजी वाक्याच्या शेवटची जागा जोराची असते. ऐकणाऱ्याला जे नवीन सांगायचं ते साधारणपणे तिथे ठेवायचं. ‘टेक आउट इट’ म्हटलं की ज्यात सांगण्यासारखं काहीच नाही तो शब्द जोराच्या जागी बसतो आणि ज्यात सगळी हालचाल आहे तो ‘आउट’ मध्ये अडकतो.

याच वाक्यात ‘पुट इन अ न्यू वन’ बरोबर का, तेही यावरून कळतं. ‘वन’ हेही शाळेच्या हिशेबानं सर्वनाम. पण ‘अ न्यू वन’ म्हणजे नवं सील, वाक्यात प्रथमच येणारी वस्तू. तिला वजन आहे, ती शेवटी शोभते. ‘पुट अ न्यू वन इन’ही चालेल. ‘टेक आउट एव्हरीथिंग’, ‘पिक अप समथिंग’, ‘टेक आउट दीज’ हेही चालतं. म्हणजे ‘सर्वनाम असेल तर मध्ये’ हा नियम तसा सैल सांगितलेला आहे. मध्ये येण्याची सक्ती असते ती ‘इट’, ‘देम’, ‘हिम’ अशा बिनजोराच्या सर्वनामांवर. दुसऱ्या टोकाला लांबलचक कर्मं असतात. ‘टेक आउट द सील दॅट वॉज फिटेड अ‍ॅट द लास्ट सर्व्हिस’ हे सरळ वाचता येतं. ते सगळं मध्ये कोंबून ‘आउट’ पार शेवटी टाकला, तर वाचणाऱ्याला ‘टेक’ घेऊन एवढं लांब चालत जावं लागतं की आधी काय वाचलं ते विसरावं. एका टोकाला हलकं कर्म, ते मध्येच. दुसऱ्या टोकाला जड कर्म, ते शेवटीच बरं. मधलं साधं नाम दोन्हीकडे.

मग ‘पिक अप हिम’ असं कधीच म्हणता येत नाही का? येतं, ‘हिम’ला मुद्दाम वजन दिलं तर. गाडी घेऊन निघालेल्या ड्रायव्हरला कुणी ‘पिक अप हिम, नॉट हर’ असं ‘हिम’वर ठासून सांगितलं तर कानाला खटकत नाही, कारण तिथे ‘त्यालाच’ हा अर्थ नवा आहे. ‘पिक अप हिम अँड हिज ब्रदर’ हेही पुढच्या जोडणीमुळे जड होतं आणि चालून जातं. पण असा ठसका आवाजात असतो, छापील पानावर तो दिसत नाही. म्हणून पुस्तिकेत मी ही सवलत कधीच घेत नाही, कुणाला घेऊही देत नाही.

आता त्या तंत्रज्ञांचा पहिला प्रश्न: ‘गो ओव्हर इट’ बरोबर कसं? खरी गुंतागुंत इथे आहे. ‘लुक अ‍ॅट’, ‘गो ओव्हर’, ‘लुक आफ्टर’, ‘डील विथ’ या जोड्या ‘टेक आउट’सारख्याच दिसतात, पण त्यांच्यातल्या छोट्या शब्दाचं नातं वेगळ्याशी आहे. ‘टेक आउट’मधला ‘आउट’ क्रियापदाचा आहे. ‘लुक अ‍ॅट इट’मधला ‘अ‍ॅट’ हा ‘इट’चा आहे.

हे समजावून सांगण्याचे इंग्रजी व्याकरणातले मार्ग मला ठाऊक होते. छोट्या शब्दावर जोर येतो का ते बघा. क्रियापद आणि छोटा शब्द यांच्यात क्रियाविशेषण घालून बघा: ‘लुक केअरफुली अ‍ॅट द सील’ चालतं, ‘टेक केअरफुली आउट द सील’ चालत नाही. हे मार्ग खरे आहेत, पण ज्याला ‘टेक केअरफुली आउट’ खटकतच नाही, त्याच्या ते काय उपयोगाचे? त्या तंत्रज्ञांना इंग्रजीचा कान नव्हता, आणि नसलेल्या कानावर भिस्त ठेवून परीक्षा घेता येत नाही. मराठीचा कान मात्र त्यांना माझ्याइतकाच होता. मी त्यांना म्हटलं, “काका, ‘ते आत घाल’ आणि ‘त्यात घाल’ यांत फरक काय?”

ते हसले. “सरळ आहे. ‘ते आत घाल’ म्हणजे तीच वस्तू आत जाते. ‘त्यात घाल’ म्हणजे दुसरं काहीतरी तिच्यात जातं.”

सातवी-आठवीच्या व्याकरणात आपण हे शिकलेलो असतो. ‘वर’, ‘खाली’, ‘आत’, ‘बाहेर’, ‘मागे’ हे शब्द मोकळे उभे राहिले तर क्रियाविशेषण अव्यय, नामाला किंवा सर्वनामाला चिकटले तर शब्दयोगी अव्यय. ‘ते खाली ठेव’ आणि ‘त्याखाली ठेव’. ‘ते वर घे’ आणि ‘त्यावर घे’. मराठीनं ही दोन कामं लिहितानाच वेगळी केली आहेत. चिकटून लिहिलं की नातं सर्वनामाशी, सुटं लिहिलं की क्रियेशी. इंग्रजीत शब्द चिकटत नाहीत. तिथे ‘इन’ दोन्ही कामांना सारखाच लिहिला जातो, आणि कुठलं काम चाललंय ते जागेवरून ओळखायचं. ‘पुट इट इन’ म्हणजे ‘ते आत घाल’. ‘पुट … इन इट’ म्हणजे ‘त्यात घाल’. छोट्या शब्दाच्या लगेच मागे ‘इट’ आला की इंग्रजी वाचक त्या दोघांना एकत्र बांधतो, जसं आपण ‘त्यात’ एकत्र वाचतो.

म्हणून ‘टेक ऑफ इट’ वाचताना तो थबकतो. त्याला ‘ऑफ इट’ म्हणजे ‘त्याच्यावरून’ असं ऐकू येतं, आणि त्याच्यावरून काय काढायचं याची तो वाट बघत राहतो. ‘पुट इन इट’ लिहिलं तर ‘त्यात घाला’ असं वाचून काय घालायचं हे तो पुढच्या ओळीत शोधायला लागतो. ‘टर्न ऑन इट’ची तर आणखीच वेगळी गत होते. ‘टर्न इट ऑन’ म्हणजे ते चालू करणं, पण ‘द डॉग टर्न्ड ऑन हिम’ म्हणजे कुत्रा त्याच्यावर उलटला. इथे मराठीतही ‘त्याच्यावर’ चिकटूनच आहे, बघा.

आम्ही दोघांनी मसुदा पुन्हा हातात घेतला आणि प्रत्येक ‘इट’ मराठीत म्हणून बघितला. कव्हर ‘काढून बाजूला घ्या’, ‘त्याच्यावरून’ नव्हे, म्हणून ‘टेक इट ऑफ’. सील, ‘ते बाहेर काढा’, म्हणून ‘टेक इट आउट’. हाउसिंग, ‘त्याच्यावरून कोरडा फडका फिरवा’, इथे ‘वरून’ सर्वनामाला चिकटलं, म्हणून ‘गो ओव्हर इट’ जिथे आहे तिथेच राहू द्यायचं. सीलकडे बघायचं वाक्य ‘इट’नं लिहिलं असतं तर ‘त्याच्याकडे बघा’, पुन्हा चिकटलेलं, म्हणून ‘लुक अ‍ॅट इट’. पंप ‘बंद करा’ इथे मात्र चिकटलेलंही काही नव्हतं आणि सुटंही काही नव्हतं. तिथे मराठीची मदत संपली.

ही मर्यादा खरी आहे आणि ती पहिल्याच दिवशी सांगून टाकावी असं माझं मत आहे. छोटा शब्द जागा किंवा दिशा दाखवतो तोवर मराठीची कसोटी छान चालते. अर्थ पार बदललेल्या जोड्यांना ती लागू होत नाही. ‘लुक अप’ म्हणजे कोशात बघणं, ‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्द करणं, ‘रूल आउट’ म्हणजे शक्यता बाद ठरवणं. यांच्या मराठीत ‘वर’ही नाही आणि ‘बाहेर’ही नाही. ‘लुक आफ्टर’ म्हणजे काळजी घेणं, तिथेही तसंच. मग ‘लुक इट अप’, पण ‘लुक आफ्टर इट’, हे कुठून कळायचं? कोशातून. ऑक्सफर्ड आणि लाँगमन यांच्या, परभाषकांसाठी केलेल्या कोशांत अशा नोंदीत क्रियापद आणि छोटा शब्द यांच्यामध्ये दोन्ही टोकांचा एक बारीक बाण छापलेला असतो. बाण असेल तर कर्म इकडेतिकडे जाऊ शकतं, म्हणजेच ‘इट’ मध्ये घालायचा. बाण नसेल आणि कर्माची खूण छोट्या शब्दानंतर असेल तर ‘इट’ शेवटी. लोक वर्षानुवर्षं कोश वापरतात आणि या बाणाकडे बघत नाहीत. मी तो प्रत्येकाला बोट ठेवून दाखवते.

कोश न बघता नियम तेवढा लक्षात ठेवला की काय होतं, तेही मी पाहिलं आहे. ‘इट मध्ये घाला’ असं विभागात सगळ्यांना सांगून झालं, आणि पुढच्या मसुद्यांमध्ये ‘लुक इट अ‍ॅट’, ‘डील इट विथ’ असं येऊ लागलं. अतिकाळजीतून आलेली ही चूक पहिल्या चुकीपेक्षा वाईट, कारण ‘टेक आउट इट’चा निदान अंदाज बांधता येतो. काही जोड्यांत तर दोन्ही जागा बरोबर असतात आणि अर्थ दोन होतात. ‘सी थ्रू इट’ म्हणजे त्यातून आरपार दिसणं किंवा त्यामागची लबाडी ओळखणं, आणि ‘सी इट थ्रू’ म्हणजे ते शेवटपर्यंत तडीस नेणं. ‘गेट ओव्हर इट’ म्हणजे त्यातून सावरणं, ‘गेट इट ओव्हर’ म्हणजे ते एकदाचं उरकून टाकणं. ‘रन ओव्हर’ मात्र उदार आहे. गाडीनं कुणाला चिरडलं तर ‘रॅन ओव्हर हिम’ही म्हणतात आणि ‘रॅन हिम ओव्हर’ही. अशी अपवादाची जोडी भेटली की शिकणाऱ्याला वाटतं, आता नियमाला काही अर्थ राहिला नाही. पण इथे छोट्या शब्दाला दोन्ही नाती धरता येतात, एवढंच. गाडी त्याच्या अंगावरून गेली असंही चित्र आहे आणि तो खाली आला असंही.

हा सगळा जगाचा नियम आहे असं मात्र समजू नये. पुण्यात मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकलेली आमची एक सहकारी ‘टेक आउट इट’ कधीच लिहीत नाही. जर्मन भाषेच्या साध्या वाक्यात तो सुटा होणारा शब्द शेवटीच जातो, कर्म नाम असो की सर्वनाम, त्यामुळे मधली रिकामी जागा तिच्या हातात बसलेली आहे. स्वीडिश भाषेत नेमकं उलट. तिथे ‘ता उत देन’ म्हणतात, शब्दाला शब्द लावला तर ‘टेक आउट इट’, आणि तेच शुद्ध स्वीडिश आहे. शेजारच्या डॅनिशमध्ये मात्र कर्म नेहमी मध्ये. या भाषा एकमेकींच्या सख्ख्या आहेत, तरी सगळ्यांनी ‘इट’ला एकच जागा दिलेली नाही. आमच्या विभागातल्या तरुण मुलांना मी हे आवर्जून सांगते, कारण ‘टेक आउट इट’ लिहिणाऱ्याला आपण काहीतरी अडाणीपणा केला असं वाटतं आणि त्या लाजेपायी तो इंग्रजी लिहायचंच टाळतो. त्याची वाक्यरचना स्टॉकहोममध्ये बिनचूक ठरली असती.

लिखाणाच्या धंद्यात या अडचणीवर एक सरळ वाट आहे: अशा जोड्या वापरूच नयेत. विमानांच्या देखभाल पुस्तिकांसाठी तयार झालेलं सोप्या तांत्रिक इंग्रजीचं मानक, एएसडी-एसटीई 100, तसंच सांगतं. जोडीऐवजी एका शब्दाचं क्रियापद घ्या. ‘टेक आउट’ऐवजी ‘रिमूव्ह’, ‘पुट इन’ऐवजी ‘इन्स्टॉल’, ‘शट डाउन’ऐवजी ‘स्टॉप’. मग ‘रिमूव्ह इट’, ‘स्टॉप इट’, कुठे ठेवू हा प्रश्नच नाही. पुस्तिकेच्या पायऱ्यांमध्ये मी बहुतेक वेळा हेच करते. धोक्याच्या सूचनांमध्ये तर ‘इट’सुद्धा काढते आणि नाम पुन्हा लिहिते: ‘स्टॉप द पंप’. तीन ओळी आधी पंपाचं नाव आलं होतं हे गळती लागलेल्या वेळी कुणी मागे जाऊन बघत नाही.

पण सगळीकडे ही वाट धरता येत नाही. ग्राहकाचा फोन येतो तेव्हा पलीकडचा माणूस ‘आय टुक इट आउट अँड पुट इट बॅक, बट इट वोन्ट स्टार्ट अप’ असंच बोलतो, आणि आमच्या मुलानं ‘यू शुड रिमूव्ह इट अँड री-इन्स्टॉल इट’ एवढंच म्हणत राहिलं तर ते सूचना वाचून दाखवल्यासारखं होतं. शिवाय काही जोड्यांना नेमका एकशब्दी पर्यायच नाही. नवं इंजिन किंवा नवा गिअरबॉक्स सुरुवातीला कमी भारावर काही तास चालवून रुळवतात, त्याला ‘रन इन’ म्हणतात. फ्लोअरवरही ‘रनिंग-इन’ हाच शब्द आहे. परवा तेच ज्येष्ठ तंत्रज्ञ डिझेल इंजिनवर चालणाऱ्या पंपाचा मसुदा घेऊन आले. त्यात सुरुवातीच्या तासांविषयीचं वाक्य होतं, ‘रन इट इन अ‍ॅट लो लोड’. ‘इट’ मध्ये, जिथे हवा तिथे. वाक्याशेजारी पेन्सिलीनं दोन टोकांचा एक बाण काढलेला होता, आणि खाली प्रश्न: “मॅडम, ‘रन ऑन इट’ मात्र ‘डिझेलवर चालतं’ या अर्थी शेवटीच ठेवलंय. ‘त्याच्यावर’ चिकटतं ना?”

मी त्यांना बरोबर म्हणून खूण केली आणि पुढच्या ओळीतला ‘द’ घातला.